रंग बदलूनही टेम्प्लेट ओळखू येतं, कारण सांगाडा तोच राहतो

प्रश्न: कॅनव्हाचं टेम्प्लेट घेऊन प्रेझेंटेशन केलं की पहिल्याच स्लाइडला कुणीतरी म्हणतं, "कॅनव्हा ना?" रंग बदलले, फॉन्ट बदलले, तरी तेच. नेमकं काय बदलायचं?

रंग आणि फॉन्ट सगळ्यात शेवटी बदला. बघणारा टेम्प्लेट ओळखतो ते रचनेवरून: कोपऱ्यातला ओघळल्यासारखा आकार, त्याच्यामागे ठिपक्यांची जाळी, मधोमध मोठं शीर्षक आणि पुढच्या स्लाइडवर सारख्या मापाचे तीन चौकोन, प्रत्येकात गोल आयकॉन. हे सगळं जागच्या जागी ठेवून बेजचा निळा केला, तर तेच टेम्प्लेट निळं दिसतं.

हे मी फजिती होऊन शिकलो. एका बैठकीत माझ्या आधी बोललेल्या माणसाच्या आणि माझ्या स्लाइडवर तेच पान होतं, त्याच कोपऱ्यात, त्याच कलात. माझं हिरवं, त्याचं तपकिरी. त्यावर कडी म्हणजे माझ्या शेवटच्या स्लाइडवर खाली बारीक अक्षरात `reallygreatsite.com` तसंच राहिलं होतं. (हा पत्ता कॅनव्हाच्या टेम्प्लेटमध्ये नमुन्यादाखल घातलेला असतो. सोबत `123 Anywhere St., Any City` पण असतं. आज काहीच बदलायचं नसलं तरी ही दोन नावं शोधून काढून टाका.)

आता एक प्रत्यक्ष उदाहरण सांगतो. पार्सल उशिरा का पोचतात, यावर मला सोळा स्लाइडचं प्रेझेंटेशन करायचं होतं. टेम्प्लेट नेहमीचंच घेतलं होतं: बेज पार्श्वभूमी, कोपऱ्यात आकार, तीन चौकोन.

पहिलं काम खोडायचं. टेम्प्लेटमधलं सगळ्यात साधं पान निवडलं, त्याची प्रत काढली आणि मजकूर नसलेली प्रत्येक वस्तू उडवली. काही वस्तू लॉक केलेल्या असतात, त्यांच्यावर क्लिक करून कुलपाचं चिन्ह काढावं लागतं. हे करताना हात अडखळतो, पान बोडकं वाटायला लागतं. वाटू द्या. उडवलेल्या वस्तूशिवाय तुमचं म्हणणं कळत असेल, तर ती सजावटच होती.

मग स्वतःची मापं. कॅनव्हाची प्रेझेंटेशनची स्लाइड 1920 × 1080 पिक्सेलची असते. File मधल्या Settings मध्ये जाऊन गाइड, म्हणजे वस्तू ओळीत बसवायच्या मदतरेषा, घालता येतात. तिथे मी बारा स्तंभ, दोन्ही बाजूंना 120 चा समास आणि स्तंभांमध्ये 24 चं अंतर घेतलं. म्हणजे मजकुराला 1680 पिक्सेल उरले. त्यातले डावीकडचे चार स्तंभ शीर्षकाला, उजवीकडचे आठ बाकी सगळ्याला. शीर्षक मधून डावीकडच्या अरुंद पट्टीत गेलं, एवढ्यानेच निम्मी ओळख पुसली गेली, कारण बहुतेक टेम्प्लेट शीर्षक वर किंवा मधोमध ठेवतात. गाइड घातलेलं हे एकच पान मूळ पान मानून बाकीची पानं त्याच्याच प्रती काढून केली. प्रत्येक पानावर नव्याने गाइड घालत बसलात तर कुठेतरी दहा-वीस पिक्सेल चुकतात, आणि स्लाइड पुढे सरकवताना शीर्षक उडी मारतं.

आता तीन चौकोन. टेम्प्लेट बनवणाऱ्याला तुमचा मजकूर माहीत नसतो, म्हणून तो सगळ्याला सारखी जागा देतो. माझ्याकडे उशीर होण्याची तीन कारणं होती. तपासलेल्या 40 पार्सलपैकी 26 गोदामात कागदपत्रांसाठी थांबली होती, 9 चा पत्ता चुकला होता, 5 वाटेत अडकली होती. हे तीन सारख्या चौकोनांत टाकलं असतं तर 26 आणि 5 यांना एकच वजन मिळालं असतं. म्हणून चौकोन काढून एक आडवी पट्टी घेतली. उजवीकडच्या आठ स्तंभांची रुंदी 1112 पिक्सेल होते, ती याच प्रमाणात वाटली: 723, 250 आणि 139. कॅनव्हात वस्तू निवडून Position उघडलं की खाली रुंदी, उंची, X आणि Y आकड्यांत टाइप करता येतात, डोळ्यांनी ओढत बसावं लागत नाही. आयकॉन एकही ठेवला नाही. तिथे नेमकी कागदाची आणि ट्रकची चित्रं टाकायचा मोह होतो, पण पट्टीवर "कागदपत्रं" हा शब्द लिहिलेला असताना कागदाचं चित्र काय नवीन सांगणार?

यानंतरची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. अख्ख्या प्रेझेंटेशनमध्ये एक तरी गोष्ट अशी हवी, जी तुमच्या विषयातूनच निघालेली आहे आणि दुसऱ्या कुणाच्या विषयाला बसणार नाही. माझा विषय वेळेचा होता. म्हणून प्रत्येक स्लाइडच्या तळाशी सकाळी 6 ते रात्री 10 अशी दिवसाची बारीक रेघ काढली. 16 तास, 1680 पिक्सेल, म्हणजे तासाला बरोबर 105. पार्सल 9 वाजता तयार व्हायचं आणि 11 वाजता निघायचं. रेघ X = 120 पासून सुरू होते, म्हणजे 9 ची जागा 435 आणि 11 ची 645. त्या दोन बिंदूंमध्ये 210 पिक्सेल रुंदीचा गडद तुकडा बसवला. गोदामाच्या स्लाइडवर तोच तुकडा, रस्त्याच्या स्लाइडवर त्याच्या पुढचा. चौथ्या-पाचव्या स्लाइडपर्यंत बघणाऱ्यांची नजर आपोआप खाली जायला लागली होती. कुणी टेम्प्लेटबद्दल विचारलं नाही, विचारलं ते "हे दोन तास कशात जातात?"

तुमचा विषय वेगळा असेल तर खूणही वेगळी निघेल. खर्चाचा विषय असेल तर उरलेल्या रकमेची कमी होत जाणारी पट्टी, इमारतीचा असेल तर मजल्यांचा उभा छेद. अशी खूण सापडतच नसेल तर खूण नसलेली बरी. उगाच लोगोचा तुकडा कापून कोपऱ्यात ठेवू नका, तो पुन्हा तोच ओघळलेला आकार होतो.

शीर्षकांबद्दल थोडक्यात. टेम्प्लेटमध्ये "आमच्याबद्दल", "समस्या", "उपाय" असे शब्द असतात, आणि तेच ठेवले की स्लाइड कोणाचीही होते. पूर्ण वाक्य लिहा. मी "समस्या" च्या जागी "पार्सल रस्त्यावर नाही, गोदामात थांबतं" असं लिहिलं. अरुंद पट्टीत ते तीन-चार ओळींत बसलं, आणि मांडणीही त्यामुळेच वेगळी दिसायला लागली.

मराठीत प्रेझेंटेशन करणाऱ्यांना आणखी एक अडचण येते, आणि ती टेम्प्लेटमुळेच येते. पुष्कळ टेम्प्लेटची शीर्षकं रोमन अक्षरांसाठी पसरवून ठेवलेली असतात, म्हणजे अक्षरांमध्ये मुद्दाम अंतर दिलेलं असतं. त्यात मराठी टाकलं की शिरोरेषा तुटते आणि शब्द दातपडका दिसतो. अंतर शून्यावर आणा. उलट ओळींमधलं अंतर फार कमी असतं, त्यामुळे खालच्या ओळीचा रफार वरच्या ओळीच्या उकाराला जाऊन भिडतो, ते 1.4 च्या आसपास ठेवा. आणि निवडलेल्या फॉन्टमध्ये देवनागरी नसेल तर दुसराच कुठला तरी फॉन्ट गुपचूप येऊन बसतो. ओळखायची खूण सोपी: दोन अगदी वेगळ्या चणीचे फॉन्ट लावून पाहा. मराठी अक्षरं जराही बदलली नाहीत, तर तुम्ही पाहताय तो निवडलेला फॉन्ट नाही. देवनागरी असलेल्यांपैकी मुक्ता, हिंद अशी नावं शोधून पाहा, आणि "कार्यकर्त्यांच्या" सारखा एखादा अवघड शब्द टाइप करून बघा. एकच फॉन्ट दोन जाडींत वापरला तरी पुरतं.

आता रंग. कोणतीही वस्तू निवडून रंगांची यादी उघडली की Document colors दिसतात, म्हणजे या प्रेझेंटेशनमध्ये वापरलेले सगळे रंग. माझ्या यादीत अकरा निघाले, त्यात बेजच्याच तीन छटा. टेम्प्लेट, आयकॉन, कुठून तरी आणलेला तक्ता, सगळ्यांनी आपापले रंग आणलेले असतात. मी ते चारवर आणले: पांढऱ्याजवळचा `#FAFAF7`, मजकुराला `#1F2328`, मळका राखाडी `#B8BBB5` आणि एकच ठळक, गोदामाच्या फोटोतल्या पिवळ्या पट्ट्यावरून ड्रॉपरने उचललेला `#E0A100`. ठळक रंग फक्त "थांबलेला वेळ" दाखवायला वापरला, बाकी कुठेही नाही. एका ठिकाणी रंग बदलला की खाली Change all येतं आणि सगळ्या पानांवर तो बदलतो. पण ते हुबेहूब तोच रंग असेल तरच बदलतं, जवळपासच्या छटा तशाच राहतात. म्हणून एकदा बदलून थांबू नका, यादी पुन्हा उघडून उरलेले भामटे शोधा.

फोटो स्वतःचे वापरा, फोनवरचे चालतील. मी काढलेले सगळे फोटो वेगवेगळ्या उजेडातले होते, म्हणून सगळ्यांचे रंग काढून कृष्णधवल केले. ते एकाच माणसाने एकाच दिवशी काढल्यासारखे दिसायला लागले.

तपासायला ग्रिड व्ह्यूमध्ये सगळी पानं छोटी करून बघा. त्या मापावर मजकूर वाचता येत नाही, फक्त रचना दिसते. एखादं पान टेम्प्लेटचं पाहुणं वाटलं तर ते तिथे लगेच कळतं; माझं "धन्यवाद"चं पान तसं निघालं, ते काढूनच टाकलं आणि शेवटी दिवसाची रेघ तेवढी मोठी करून ठेवली.

पाठवताना शक्यतो पीडीएफ द्या. पीपीटीएक्स उतरवून दिलं आणि समोरच्याच्या संगणकावर तो फॉन्ट नसला तर ओळी तुटतात, आणि चार स्तंभांत मोजून बसवलेलं शीर्षक खालच्या मजकुरावर चढतं. समोरच्याला फाइलमध्ये बदल करायचे असतील तर त्याला फॉन्ट आधी बसवून घ्यायला सांगा, किंवा कॅनव्हाचीच लिंक द्या.

या सगळ्याला मला दीड दिवस लागला, त्यातला बराचसा वेळ तळाची रेघ सुचेपर्यंत गेला. हाताशी तासभरच असेल तर सजावट खोडा, शीर्षकं वाक्यांत लिहा आणि तीन चौकोनांचं पान मोडा. रंगांना तेवढ्या वेळात हात लावला नाही तरी चालेल.