एकविसावी शुभेच्छा

“आमच्या सासरच्या ग्रुपवर कुणाचाही वाढदिवस असला की मी फोन उघडेपर्यंत वीस जणांनी ‘हार्दिक शुभेच्छा’ लिहिलेलं असतं. तेच मी पुन्हा लिहिलं तर कोण बघणार? वेगळं काही लिहायला जाते, ते बरं वाटत नाही म्हणून पुसते, आणि दिवस संपतो. मग ‘हिला कुणाचं काही पडलेलंच नाही’ असं ऐकावं लागतं. मी नक्की काय लिहू?”

अडतीस वर्षांच्या, बँकेत काम करणाऱ्या एका बाईंनी हा प्रश्न माझ्यासमोर मांडला. त्यांच्या संमतीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून मी हा अनुभव लिहीत आहे.

लोकांसमोर बोलण्याची भीती त्यांना सगळीकडेच वाटते का, हे मी प्रथम विचारून घेतले. तसे असते तर उपचारांची दिशा वेगळी ठेवावी लागली असती. पण बँकेच्या खिडकीवर त्या दिवसभर मोकळेपणाने बोलत, माहेरच्या ग्रुपवर बेधडक लिहीत. अडखळणे फक्त सासरच्या शेहेचाळीस जणांच्या ग्रुपपुरते होते, आणि तिथेही घरातल्या मोठ्यांना काही लिहायची वेळ आली की अधिक होते.

पंधरा दिवसांवर त्यांच्या चुलत सासूबाईंची, म्हणजे काकूंची, पंचाहत्तरी आली होती. तोच प्रसंग आम्ही हाताशी धरला. काय लिहायचे हे ठरवण्याआधी मी त्यांना एक छोटे काम सांगितले: स्वतःच्या मागच्या वाढदिवसाला याच ग्रुपवर आलेल्यांपैकी कोणत्या शुभेच्छा आठवतात, ते फोन न उघडता कागदावर लिहायचे. त्यांना दोनच आठवल्या. एक धाकट्या दिरांची होती, त्यांनी लिहिले होते, “वहिनी, माझ्या परीक्षेच्या दिवसांत रात्री अकराला करून दिलेला उपमा अजून आठवतो.” दुसरी जाऊबाईंची होती आणि तीही अशाच एखाद्या जुन्या दिवसाबद्दल होती. फोन उघडून मोजल्यावर एकूण एकतीस शुभेच्छा निघाल्या, आणि त्यांतल्या काही तर लांबलचक, सजवलेल्या, फुलांच्या चित्रांसह आलेल्या होत्या. आठवणीत राहिलेली दोन वाक्ये मात्र भाषेच्या दृष्टीने अगदी साधी होती. त्या माणसाने त्याच व्यक्तीला लिहावे, दुसऱ्या कुणाला लिहिताच येऊ नये, असा एक तपशील दोन्हींत होता.

इथे मला एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. वीस जणांनी लिहिलेल्या त्याच त्या शुभेच्छा मी निरर्थक मानत नाही. घरात कार्य असले की माणूस दारात येऊन उभा राहतो, “आलो बरं का” म्हणतो, तशी ती हजेरी असते, आणि हजेरीचे शब्द सारखेच असायचे. बाईंची अडचण अशी होती की त्या हजेरी द्यायला जात आणि दारातच भाषणाची तयारी करू लागत.

पुढच्या भेटीला त्या तीन मसुदे घेऊन आल्या. पहिल्यात “जीवेत् शरदः शतम्” पासून सुरुवात करून काकूंना वटवृक्षाची उपमा दिली होती. मी विचारले, “काकूंच्या जागी दुसऱ्या कोणत्याही वडीलधाऱ्या बाईंचे नाव घातले तर यातले काय बदलेल?” त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, “काहीच नाही.” दुसरा मसुदा मनापासूनचा होता. काही वर्षांपूर्वी बाईंचा गर्भपात झाला तेव्हा काकू तीन रात्री रुग्णालयात त्यांच्या उशाशी बसल्या होत्या, त्याबद्दल त्यात लिहिले होते. तो वाचताना त्यांचा आवाज कापत होता. तरीही मी तो ग्रुपवर घालू नका असे सुचवले, कारण त्या रात्री त्या दोघींच्या होत्या. ग्रुपवर आल्या असत्या तर नात्यातल्या कुणीतरी “तेव्हा काय झालं होतं?” असे विचारले असते, आणि काकूंच्या वाढदिवसाला सगळ्यांचे लक्ष सुनेच्या दुःखाकडे वळले असते. असे लिहिणे फक्त काकूंना पाठवावे, किंवा त्याहून बरे म्हणजे समोर बसून सांगावे.

तिसरा मसुदा त्यांनी संकोचत दाखवला: “काकू, पुरणात उलथनं उभं राहिलं की गॅस बंद करायचा, हे तुम्ही मला लग्नानंतरच्या पहिल्या होळीला शिकवलंत. या होळीला मी ते मुलीला शिकवलं. पंचाहत्तरीच्या खूप शुभेच्छा.” त्यांच्या मते हे फारच घरगुती होते, ग्रुपवर इंग्रजीत सफाईने लिहिणारे भाचे-पुतणे होते, ते काय म्हणतील ही धास्ती होती. या धास्तीवर अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास मला नेहमी उपयोगी पडतो. त्यांनी लोकांना कृतज्ञतेची पत्रे लिहायला सांगितली. आपले शब्द नीट जमले का, वाचणाऱ्याला अवघडल्यासारखे होईल का, याची काळजी लिहिणाऱ्यांना वाटत होती. पत्र मिळालेल्यांचे लक्ष मात्र त्यातल्या जिव्हाळ्याकडे होते, आणि लिहिणाऱ्यांना वाटले होते त्यापेक्षा ते कितीतरी कमी अवघडले. मसुद्यातला एकही शब्द आम्ही बदलला नाही. सकाळच्या गर्दीत न पाठवता दुपारी, ग्रुप शांत झाल्यावर पाठवायचा, एवढे ठरवले.

त्यानंतरच्या भेटीला त्या खट्टू होऊन आल्या. काकूंनी संध्याकाळी “सर्वांचे मनःपूर्वक आभार” एवढेच लिहिले होते, आणि बाईंच्या संदेशाखालच्या दोन खुणा रात्रीपर्यंत करड्याच राहिल्या होत्या, म्हणजे कुणी वाचलेच नाही असा त्यांनी अर्थ लावला होता. व्हॉट्सॲपच्या ग्रुपमध्ये या खुणा निळ्या होतात त्या प्रत्येक सदस्याने संदेश वाचल्यावरच. एकाने जरी फोन उघडला नसेल तरी त्या करड्याच राहतात. मी त्यांना संदेशावर बोट दाबून धरून माहिती उघडायला सांगितली. त्रेचाळीस जणांनी वाचला होता, आणि काकूंनी तो दुपारी पाठवल्यापासून वीस मिनिटांत वाचला होता. उरलेल्या दोघांपैकी एक मामा होते, ज्यांनी तो ग्रुप उघडून पाहिल्याला वर्ष झाले होते. इतकी वर्षे “माझं कुणी वाचत नाही” हा समज किती प्रमाणात अशा न उघडलेल्या फोनांमुळे पक्का होत गेला असेल, याचा विचार माझ्या मनातून बरेच दिवस गेला नाही.

यानंतर ती माहिती पुन्हा पुन्हा उघडून बघायची नाही, असेही आम्ही ठरवले, कारण खात्री करून घेण्याची सवय लागली की दर वेळी खात्री अपुरी वाटू लागते. पाठवल्यावर फोन दुसऱ्या खोलीत ठेवायचा आणि रात्री जेवण झाल्यावरच ग्रुप उघडायचा, हा नियम त्यांनी स्वतःच सुचवला. काकूंचा फोन आला तो चार दिवसांनी आणि वेगळ्याच कामासाठी, ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, “पोरीला कटाची आमटीही शिकव, पुरण एकटं काय कामाचं.”

एका प्रसंगी मात्र यातले काहीच करू नये, असे मी त्यांना बजावले होते, आणि ती वेळ दोन महिन्यांनी आलीच. नात्यातले एक आजोबा गेले आणि ग्रुपवर एकाखाली एक “भावपूर्ण श्रद्धांजली” येऊ लागले. अशा वेळी आपले वाक्य उठून दिसावे असा प्रयत्न घरच्यांना बोचतो. आठवण सांगायचीच असेल तर ती भेटायला गेल्यावर, किंवा दहा-बारा दिवस उलटल्यावर सांगावी. बाईंनी इतरांसारखेच दोन शब्द लिहिले. पाडव्याला ग्रुपवर शुभेच्छांचा पाऊस पडला तेव्हाही त्यांनी “दीपावलीच्या शुभेच्छा” एवढेच पाठवले आणि त्या फराळाची ताटे मांडायला उठल्या. त्या दिवशी त्यांचा क्रमांक कितवा होता, हे त्यांनी मोजले नव्हते.