अकरा आणि बावीस एका घरात

प्रश्न: माझी जन्मतारीख २९ मे १९८६. एकाने भाग्यांक २२ सांगितला, दुसऱ्याने ४. खरा कुठला?

उत्तर: सगळे आकडे सलग मिळवले तर ४० येतात, म्हणजे ४. दिवस, महिना, वर्ष वेगळे धरले तर २९ चे ११, मेचे ५, १९८६ चे २४ म्हणजे ६, आणि ११, ५, ६ मिळून २२. मी दुसरी पद्धत वापरते. पण एकाच पद्धतीने येणाऱ्या २२ वर फार भार टाकू नका. ९ जानेवारी १९९० ला मात्र दोन्ही पद्धतींनी ११ च येतात. असा मास्टर अंक, म्हणजे ११ किंवा २२ सारखा पुढे न मिळवता तसाच ठेवायचा अंक, मी पक्का धरते.

प्रश्न: माझा भाग्यांक ११, यजमानांचा २२. घराचं बांधकाम चालू आहे. मी काही बोलले की म्हणतात, "उगाच विचार करतेस." हा अंकांचाच खटका का?

उत्तर: अंकशास्त्राच्या भाषेत हो, आणि ही जोडी मी पुष्कळदा पाहिली आहे. ११ ला माणसाने दारात चप्पल कशी काढली यावरून त्याचा दिवस कसा गेला ते कळतं. २२ हा बांधणारा अंक. त्याचं प्रेम हप्ता वेळेवर भरण्यात आणि गिलाव्यावर सात दिवस पाणी मारण्यात असतं, तोंडाने तो बोलत नाही. ताणात ११ उतरून २ होतो, २२ उतरून ४. मग तुम्हाला शब्द न् शब्द लागतो आणि ते हिशेबाच्या वहीत शिरतात.

उतरलेला अंक ओळखायचा कसा? "या ठेकेदाराचं काहीतरी खटकतंय" हे ११ चं बोलणं. "तुम्हाला माझी पर्वाच नाही" हे २ चं. पहिलं वाक्य यजमानांनी ऐकायलाच हवं. म्हणून उचल देण्याआधी ठेकेदाराला तुम्हीही भेटा, काय खटकलं ते नेमकं सांगा, आणि निर्णय एक रात्र थांबवून घ्या. त्यांनीही आठवड्यातली एक संध्याकाळ बांधकामाचा विषय बंद ठेवावा. ११ आणि २२ ची बेरीज ३३, मूळ ६, म्हणजे घरसंसाराचा अंक. दोघांच्या हातात एकच काम असलं की ही जोडी वर चढते, असं मानतात. तुमच्याकडे ते काम आहेच.

प्रश्न: मुलगा २२ तारखेचा. आमच्याकडचे म्हणतात, राहूचा अंक, स्थळ नको.

उत्तर: २२ तारीख म्हणजे मूलांक ४, आणि आपल्याकडे ४ राहूचा, हे खरं. पण भाग्यांक पूर्ण तारखेवरून निघतो, तो वेगळाच असू शकतो. शिवाय खाल्डियन परंपरेत २२ हा दुसऱ्यांवर भोळेपणाने विसंबणारा अंक, तर पायथागोरसच्या नावाने चालणाऱ्या पद्धतीत मोठं काम उभारणारा. परंपरांमध्येच एकमत नसताना स्थळ मोडणं मला पटत नाही. अंकशास्त्र प्रयोगाने सिद्ध झालेलं नाही, हेही घरच्यांना सांगा. भेटीत मुलाला विचारा, हाती घेतलेलं शेवटचं मोठं काम कुठवर आलं, आणि कुणाला जामीन राहिला आहे का.