छातीतले पाणी, मेंदूतला क्षय आणि स्टेरॉइड : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : वडिलांच्या छातीत पाणी झाले आहे. थुंकीची तपासणी निगेटिव्ह आहे, तरी डॉक्टर टीबी म्हणतात. हे कसे?

कारण हे पाणी मुख्यतः जंतूंच्या संख्येमुळे नव्हे, तर शरीराच्या प्रतिक्रियेमुळे साचते. थोडे जंतू फुफ्फुसाच्या आवरणात शिरले की प्रतिकारशक्ती चवताळून उठते आणि पाणी भरते. त्या पाण्यात जंतू इतके विरळ असतात की सूक्ष्मदर्शकाखाली दहातल्या एखाद्याच रुग्णात ते दिसतात. जंतूचे जनुक शोधणारी सीबीनॅट चाचणीही अनेकदा निगेटिव्ह येते. म्हणून पाण्यात लिम्फोसाइट पेशी जास्त आहेत का, प्रथिने वाढली आहेत का आणि एडीए हे विकर ४० युनिटच्या वर आहे का, हे एकत्र पाहतात. मात्र पू झाला असेल किंवा काही कर्करोग असतील तरीही एडीए वाढू शकते. शंका उरल्यास आवरणाचा तुकडा काढून तपासणे हाच भरवशाचा मार्ग आहे. तो निर्णय छातीच्या तज्ज्ञांना समोर बसून घेऊ द्या.

प्रश्न : लॅबवाले म्हणतात, रक्ताच्या एका टेस्टमध्ये टीबी कळतो. करून घेऊ का?

नको. प्रतिपिंडे शोधणाऱ्या रक्तचाचण्यांवर भारत सरकारने २०१२ मध्येच बंदी घातली आहे. ‘टीबी गोल्ड’ ही रक्तचाचणी फक्त जंतूशी कधीतरी गाठ पडली होती एवढेच सांगते. आपल्याकडे अशी गाठ पडलेले लोक इतके आहेत, की त्या अहवालाच्या आधारावर आजाराचे निदान करणे म्हणजे रुग्णाच्या खिशाला चाट लावणे.

प्रश्न : पुतणीला तीन आठवडे ताप आणि डोकेदुखी आहे. डॉक्टर पाठीतून पाणी काढायचे म्हणतात, पण घरातले म्हणतात त्याने लकवा होतो. थोडे थांबलो तर चालेल का?

चालणार नाही, हा मेंदूचा क्षय असू शकतो, आजच न्या. सुई जिथे जाते तिथे मज्जारज्जू संपलेला असतो, त्यामुळे ही लकव्याची कथा ऐकीव आहे. अपंगत्व येते ते उपचाराला उशीर झाल्यामुळे, आणि ते मी वारंवार पाहिले आहे.

एकोणीस वर्षांची एक मुलगी आमच्याकडे आली तेव्हा तीन आठवडे ‘पित्ताची डोकेदुखी’ म्हणून फिरत होती. मध्ये कुणीतरी औषधाच्या दुकानातून बेटामेथासोन या स्टेरॉइडच्या गोळ्या आणून दिल्या. आठवडाभर बरे वाटले, म्हणून सगळे निर्धास्त झाले. नंतर उलट्या सुरू झाल्या आणि एक डोळा तिरळा झाला. डोळ्याची ही खूण दिसल्यामुळे आधी सीटी स्कॅन करून मग पाणी काढले. त्यात १८० पेशी होत्या, बहुतेक लिम्फोसाइट. प्रथिने २१० आणि साखर अवघी २८, तर त्याच वेळी घेतलेल्या रक्तातली साखर १०४ होती. रक्ताशी तुलना केली नसती, तर २८ या आकड्याचा अर्थ अर्धाच कळला असता. सीबीनॅट निगेटिव्ह आले, तरी त्याच संध्याकाळी क्षयाची औषधे सुरू केली. कल्चरमध्ये जंतू उगवला तो पाचव्या आठवड्यात. तोवर वाट पाहिली असती तर तो अहवाल वाचायला ती राहिली असती की नाही, कोण जाणे.

मेंदूच्या क्षयाचे निदान अवघड ते यासाठीच. पहिल्या दोन आठवड्यांत तो साध्या तापासारखा दिसतो, जंतू विरळ असतात, आणि चार-पाच थेंब पाण्यात ते सापडत नाहीत. म्हणून जमल्यास किमान सहा मिलिलिटर पाणी घ्यावे, आणि निगेटिव्ह अहवाल हातात आला म्हणून क्षय नाही असे कुणी मानू नये.

प्रश्न : भावाला छातीतल्या पाण्यासाठी स्टेरॉइड दिले नाही, पण ओळखीच्या एका मेंदूच्या रुग्णाला दिले. असा भेदभाव का?

छातीतले पाणी स्टेरॉइडने थोडे लवकर ओसरते, पण पुढे फुफ्फुस त्यामुळे अधिक चांगले राहते असे सिद्ध झालेले नाही. म्हणून ते सरसकट देत नाहीत. मेंदूत मात्र सूज कवटीच्या आत कोंडते, रक्तवाहिन्या आवळते आणि पाण्याची वाट अडवते. व्हिएतनाममध्ये ५४५ रुग्णांवर झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत डेक्सामेथासोन या स्टेरॉइडमुळे मृत्यू सुमारे ४१ टक्क्यांवरून ३२ टक्क्यांवर आले. गंभीर अपंगत्व मात्र त्याने कमी झाले नाही. एचआयव्ही असलेल्या प्रौढांत पुढच्या चाचणीत स्पष्ट फायदा दिसला नाही, त्यामुळे तिथे निर्णय तज्ज्ञांवरच सोडावा.

वर सांगितलेल्या मुलीचे वजन ४५ किलो होते. किलोमागे ०.४ मिलिग्रॅम, म्हणजे दिवसाला १८ मिलिग्रॅमने शिरेतून सुरुवात केली आणि दर आठवड्याला मात्रा उतरवत चौथ्या आठवड्यात साडेचारवर आणली. पुढचे चार आठवडे गोळ्यांचे होते, रोज चार मिलिग्रॅमपासून एकपर्यंत. या काळात रक्तातली साखर पाहत राहावी लागते. क्षयाची औषधे मात्र वर्षभर चालली. स्टेरॉइड सूज आवरते, जंतूला मारत नाही, त्यामुळे क्षयाच्या औषधांचे कवच नसताना दुकानातून आणलेल्या त्या गोळ्या आजार झाकतात आणि जंतूला वाढू देतात.

प्रश्न : ताप गेला, चेहरा सुजला आहे. स्टेरॉइड बंद करू का?

स्वतःहून नाही. अचानक थांबवल्यास मेंदूतली सूज उसळू शकते आणि शरीराची स्वतःची स्टेरॉइड-निर्मिती मंदावलेली असल्यामुळे रक्तदाब कोसळू शकतो. याच आठवड्यात उपचार करणाऱ्या डॉक्टरांना भेटून मात्रा त्यांच्याकडून लिहून घ्या.