सूट द्यावी की दंड लावावा? रक्कम तीच असताना

प्रश्न: आमच्या प्रशिक्षण वर्गाचं शुल्क मुदतीत भरलं तर ४५०, नंतर ५००. हे "लवकर भरणाऱ्यांना ५० सूट" असं लिहू की "उशिरा भरणाऱ्यांना ५० दंड" असं? आकडे तेच आहेत, मग खरंच काही फरक पडतो का?

उत्तर:

पडतो. मी काही वर्षं अशाच नोंदणीचं काम सांभाळलं आहे आणि हा प्रश्न मला मनापासून जवळचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वाचणारा ४५० आणि ५०० या दोन रकमा तराजूत घालत नाही. त्याच्या मनात आधी एक आकडा "शुल्क" म्हणून बसतो आणि दुसरा त्या आकड्यापासून मोजला जातो. तुम्ही "शुल्क ५००, मुदतीत भरल्यास ५० सूट" लिहिलंत की मनात ५०० बसतात. मुदत चुकली तर त्याला वाटतं, मिळणारं काहीतरी हुकलं. "शुल्क ४५०, मुदतीनंतर ५० विलंब शुल्क" लिहिलंत की मनात ४५० बसतात आणि मुदत चुकली तर तेच ५० खिशातून गेल्यासारखे वाटतात. हुकलेल्या फायद्याची चुटपुट लागते. खिशातून गेलेले पैसे बोचतात. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमान आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ साली मांडलेल्या सिद्धांताचा हाच गाभा आहे. १९९२च्या त्यांच्या लेखात, तोट्याचं वजन तेवढ्याच फायद्याच्या साधारण सव्वादोन पट भरतं, असा अंदाज आहे. हा आकडा सगळीकडे तसाच लागू करू नका. तो माणसागणिक आणि रकमेगणिक बदलतो, आणि किरकोळ रकमांना तोट्याची बोच बरीच कमी असू शकते.

तुमच्या प्रश्नाशी जवळजवळ तंतोतंत जुळणारा एक प्रयोग झालेला आहे. २००६ साली प्रायोगिक अर्थशास्त्रज्ञांची एक परिषद होती. तिच्या नोंदणीचं पत्र दोन प्रकारे लिहिलं गेलं: काहींना मुदतीपर्यंत सवलतीचं शुल्क आहे असं कळवलं, काहींना मुदतीनंतर विलंब शुल्क लागेल असं. रकमा आणि तारीख दोन्हीकडे तीच. अर्थशास्त्रज्ञ गॅश्टर आणि सहकाऱ्यांनी २००९ साली हे निकाल प्रसिद्ध केले. पीएचडीच्या विद्यार्थ्यांपैकी सवलतीचं पत्र मिळालेल्यांतल्या ६७ टक्क्यांनी मुदतीत नोंदणी केली, दंडाचं पत्र मिळालेल्यांतल्या ९३ टक्क्यांनी. ज्येष्ठ अर्थशास्त्रज्ञांवर मात्र शब्दांचा म्हणण्यासारखा परिणाम दिसला नाही. मला या निकालातला हा दुसरा भाग जास्त मोलाचा वाटतो. तुमच्याकडे येणारी माणसं दोन्ही वाक्यं एकाच आकडेमोडीत बसवणारी असतील, किंवा शुल्क दुसरंच कुणी भरत असेल, तर शब्द बदलून फार काही हाती लागणार नाही.

म्हणजे दंडच लिहायचा का? थांबा, दोन अडचणी आहेत.

पहिली अशी की तोट्याची बोच लागायला ती वस्तू आधी आपली वाटायला हवी. ज्याने येण्याचं ठरवलं आहे आणि फक्त पैसे भरायची टाळाटाळ चालली आहे, त्याला विलंब शुल्क हलवतं. ज्याचं यायचंच अजून नक्की नाही, त्याला पहिल्याच पत्रात दंड दिसला तर तो पत्र बाजूला ठेवतो. त्याच्याजवळ गमावण्यासारखं अजून काही नाहीच. अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड थेलर यांनी १९८० साली एक उदाहरण नोंदवलं होतं: रोख आणि कार्डाच्या किमतीत फरक ठेवायचाच असेल, तर त्याला कार्डावरचा अधिभार म्हणू नये, रोखीची सूट म्हणावं, असा कार्ड कंपन्यांचा आग्रह होता. ग्राहकाला कार्ड वापरण्यापासून परावृत्त करणारा शब्द त्यांना नको होता. तुमच्याही बाबतीत नव्या माणसाला बोलावणारं पत्र आणि नाव दिलेल्या माणसाला आठवण करणारं पत्र ही दोन वेगळी कामं आहेत.

दुसरी अडचण मी स्वतः अनुभवली. विलंब शुल्क सुरू केल्यावर पहिल्या खेपेला वसुली सुधारली. पुढच्या खेपांना काही जण मुदतीनंतर निवांत येऊ लागले आणि टोकलं तर म्हणत, "पन्नास जास्त देतोय ना!" पूर्वी हेच लोक उशीर झाला की दिलगिरी व्यक्त करायचे. मी उशिराला किंमत लावली होती आणि ती त्यांना परवडत होती. इस्रायलमधल्या हैफा शहरात दहा पाळणाघरांवर नीझी आणि रुस्तिकिनी या अर्थशास्त्रज्ञांनी केलेला अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला, त्यातही हेच दिसलं. मुलांना न्यायला दहा मिनिटांहून जास्त उशीर करणाऱ्या पालकांना सहा पाळणाघरांनी छोटा दंड लावला, तर उशिरा येणारे वाढून जवळजवळ दुप्पट झाले. दंड काढून टाकल्यावरही ते कमी झाले नाहीत. तेव्हा आज तुमचे लोक निव्वळ भिडेखातर वेळेवर भरत असतील, तर दंडाच्या वाटेला जाऊ नका. एकदा गेलेली भीड परत आणता येत नाही.

मी शब्द निवडताना बहुतेक जण प्रत्यक्षात किती भरतात ते बघतो. दहातले आठ मुदतीत भरत असतील, तर खरं शुल्क ४५० आहे आणि ५०० हा अपवाद. मग विलंब शुल्क लिहिणं प्रामाणिकही आहे आणि उपयोगीही. बहुतेक जण ५००च भरत असतील, तर ४५० ही खरोखरची सूट आहे. मागच्या वर्षीचं शुल्कही तपासा. ते ४५० होतं आणि यंदा तुम्ही "५००, त्यात ५० सूट" लिहिलंत, तर जुन्या लोकांच्या मनात ४५०च बसलेले असतात. त्यांना सूट दिसत नाही, दरवाढ दिसते.

तुमच्यासाठी मी असं करेन. पहिल्या पत्रात साधं लिहा: "शुल्क ४५०. मुदतीनंतर ५००." सूट किंवा दंड हा शब्दच नको. नाव दिलेल्यांना मुदतीच्या तीन दिवस आधी पाठवायच्या आठवणीत मात्र तोट्याची भाषा वापरा: "शुक्रवारनंतर ५० जास्त भरावे लागतील." नेमका दिवस आणि नेमकी रक्कम एकाच वाक्यात ठेवा, म्हणजे वाचणाऱ्याला हिशेब करत बसावं लागणार नाही.

खात्री करायची असेल, तर आठवणीची दोन रूपं करून चिठ्ठ्या टाकून लोकांची विभागणी करा. जुने एकीकडे आणि नवे दुसरीकडे अशी नको, कारण मग फरक शब्दांचा की माणसांचा ते कळणार नाही. प्रत्येक गटात तीसेक जण असतील तर तीन-चार जणांच्या फरकावरून काहीच ठरवू नका, तेवढा निव्वळ योगायोगानेही पडतो. दोन-तीन खेपांचे आकडे एकत्र करा. आणि मुदतीत किती आले एवढंच मोजू नका, नाव काढून घेणारे आणि पुढच्या वेळी न फिरकणारे कोणत्या गटातले होते तेही लिहून ठेवा.