अभिसंधान : ‘अभिजात’ आणि ‘साधक’

“एफवायबीएला मानसशास्त्र घेतलंय. अभिजात अभिसंधान आणि साधक अभिसंधान, दोन्हींत खाऊ मिळाला की प्राणी शिकतो. मग दोन नावं कशाला? आणि लाळ गळण्यात ‘अभिजात’ ते काय?”

‘अभिजात’चा इथे दर्जाशी संबंध नाही. मराठीला 2024 साली मिळालेलं ‘अभिजात’पण वेगळं. इथे अर्थ एवढाच, की कुत्र्यांच्या लाळेवर प्रयोग करणारे रशियन शास्त्रज्ञ पावलोव यांची ही पद्धत आधीची. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्किनर यांची साधक पद्धत 1930च्या दशकात आली. ‘अभिसंधान’ मात्र चपखल शब्द आहे, कारण संधान म्हणजे जोडणं. फरक आहे तो कशाला काय जोडलं जातं, यात.

शेजारचा मोती घ्या. बिस्किटाच्या डब्याचं झाकण वाजलं की त्याची लाळ गळते. इथे आवाज आणि बिस्कीट यांची जोडी जमली. मोतीने काही केलं नाही, नुसता बसून राहिला असता तरी बिस्कीट मिळालंच असतं. हे अभिजात. आता ‘शेकहँड’ म्हटल्यावर तो पंजा देतो. पंजा दिला तर बिस्कीट, नाहीतर नाही. इथे स्वतःची कृती आणि तिचं फळ यांची जोडी आहे. कृती फळ साधून देते म्हणून साधक. (जपमाळवाला साधक नव्हे.)

“लाळ अनैच्छिक, पंजा ऐच्छिक” असं पाठ करून परीक्षेत भागतं, पण ती खूण कच्ची आहे. 1969 मध्ये विल्यम्स या संशोधक दांपत्याने कबुतरांपुढे एक चकती ठेवली. ती उजळली की थोड्या वेळाने दाणे येत. पण कबुतराने चोच मारली की चकती विझे आणि त्या खेपेचे दाणे बुडत. टोचणं साधक असतं तर कबुतरं लवकरच थांबली असती. ती बऱ्याच वेळा टोचतच राहिली! टोचणं दिसायला ऐच्छिक, पण त्यामागे उजेड आणि दाणे यांची जोडी होती. म्हणून विचारायचा प्रश्न असा : फळ कृतीवर अवलंबून आहे का, आणि फळ बदललं की कृती बदलते का?

रोजच्या जगण्यात दोन्ही एकमेकांत गुंततात. दातांच्या डॉक्टरकडे ड्रिलचा आवाज आणि कळ एकत्र आली. पुढच्या वेळी बाहेरच्या बाकावर नुसता आवाज ऐकूनच तळहात घामेजतात. हे अभिजात. मग आपण फोन करून अपॉइंटमेंट पुढे ढकलतो आणि लगेच हायसं वाटतं. त्रास टळल्यामुळे ढकलण्याची सवय पक्की होते. हे साधक, त्यातलं ऋण प्रबलन. बरेचजण त्याला शिक्षा समजतात, पण शिक्षेने वागणं कमी होतं आणि इथे ते वाढतंय.

गंमत म्हणजे तिकडे गेलोच नाही तर कळ न येता ड्रिल ऐकायची वेळच येत नाही. त्यामुळे आवाज आणि कळ यांची जोडी सुटत नाही, आणि दात मात्र किडत राहतो.