मजकूर कण्यात गेला, आणि मी तर पीडीएफला मंजुरी दिली होती

प्रश्न : माझी 400 पानांची कादंबरी मी स्वखर्चाने छापून घेतली. मांडणी एकाने केली, छपाई-बांधणी दुसऱ्याने. प्रती आल्या तेव्हा दोन्ही बाजूंच्या पानांवर कण्याकडची अक्षरं आत गेलेली. पुस्तक ताणून उघडलं तरच ओळ पूर्ण वाचता येते. शिवाय उजव्या पानांवरच्या हेडरमध्ये कादंबरीचं नाव चुकलं आहे, आणि प्रकरण सुरू होतं त्या पानांवरही हेडर आलं आहे. मांडणीकार बांधणीला दोष देतो, मुद्रक फाइलला. दोघंही म्हणतात, "पीडीएफ तुम्ही मंजूर केली होती." मुद्रकाचे निम्मे पैसे अजून द्यायचे आहेत. माझा दावा उभा राहील का?

उत्तर : कण्याकडच्या समासाबद्दल दावा भक्कम आहे. हेडरबद्दल तो बराच कमजोर आहे. मंजुरी एकच असली, तरी या दोन चुकांवर तिचा परिणाम सारखा होत नाही.

नावातली चूक पीडीएफमध्ये डोळ्यांना दिसत होती. ती पाहण्यासाठीच तुम्हाला प्रूफ पाठवलं होतं, असं समोरचा म्हणेल आणि त्याचं म्हणणं मान्य होण्याची शक्यता आहे. तुमच्या मूळ हस्तलिखितात नाव बरोबर असेल, तर चूक मांडणीत शिरली एवढं दाखवता येईल. भरपाई मिळालीच तर अंशतः मिळेल. प्रकरणाच्या पहिल्या पानावर हेडर नसावं ही कादंबऱ्यांतली सर्वसाधारण पद्धत आहे, पण करारात ते लिहिलेलं नसेल तर त्यावर स्वतंत्र दावा करू नका. पुनर्मुद्रण ठरलं तर दुरुस्तीच्या यादीत ते घ्या.

समासाचं तसं नाही. पीडीएफमध्ये पान सपाट आणि पूर्ण दिसतं. गोंद लावून बांधलेल्या जाड पुस्तकात कण्याजवळचे कित्येक मिलिमीटर वळणात जातात, आणि हे पडद्यावर कळायला मार्ग नाही. ते ओळखण्याचं कौशल्य मांडणीकाराचं, त्यासाठीच तुम्ही त्याला पैसे दिले. म्हणून मंजुरीने हा दोष माफ होतो, हा युक्तिवाद टिकणं कठीण आहे.

आता दोष दोघांपैकी कोणाचा, हे पट्टीने ठरेल. समजा तुमचं पान 140 मिलिमीटर रुंद आहे आणि पीडीएफमध्ये मजकुराच्या दोन्ही बाजूंना 13 मिलिमीटर सोडले आहेत. छापील प्रतीत सुरुवातीची, मधली आणि शेवटची काही पानं घ्या आणि बाहेरचा समास मोजा. तो 13च्या आसपास, मिलिमीटर-दोन मिलिमीटर इकडेतिकडे असेल, तर मुद्रकाने फाइलप्रमाणे छापलं. गटरची, म्हणजे कण्याकडच्या वळणासाठी जादा सोडायची जागा फाइलमध्येच सोडलेली नव्हती. तो 18 भरला, तर मजकूर कण्याकडे सरकला आहे आणि चूक पानं लावताना किंवा बांधताना झाली. फक्त डाव्या पानांची अक्षरं आत गेली असती, तर मी आधी फाइलमध्ये समोरासमोरच्या पानांचे समास आरशासारखे उलटे ठेवणारं Mirror margins लावलं होतं का ते तपासलं असतं, कारण ते नसेल तर गटर प्रत्येक पानाच्या डाव्या बाजूलाच पडतं. ही मोजणी दोघांना बोलावून करा, फोटो काढा, आणि एक प्रत कण्यापासून सोडवून तीही मोजा.

फाइलच दोषी ठरली, तर व्यवहारातला मापदंड दाखवायला अवघड नाही. लेखकांना स्वतःची पुस्तकं छापून देणारी अमेझॉनची केडीपी सेवा 301 ते 500 पानांच्या पुस्तकाला आतल्या बाजूने किमान 0.625 इंच, म्हणजे सुमारे 16 मिलिमीटर मागते. तुमच्या फाइलमध्ये 13 असतील तर ते या किमान मर्यादेच्याही खाली आहेत. हा आकडा तुमच्या मांडणीकारावर बंधनकारक नाही, पण चांगला पुरावा आहे. वाचनाच्या सोयीसाठी मी आत 20 ते 22 मागेन.

मात्र भरपाईचा आकडा ठरवताना घाई करू नका. आत 22 आणि बाहेर 16 सोडले, तर ओळीची रुंदी 114वरून 102 मिलिमीटर होते. तेवढाच मजकूर त्याच अक्षरात बसवायला 400ऐवजी सुमारे 448 पानं लागतील. पानं वाढली की कणा जाड होतो आणि मुखपृष्ठाची फाइलही नव्याने करावी लागते. "चूक दुरुस्त करून देतो" एवढ्यावर तडजोड झाली, तर हा वाढीव खर्च तुमच्या गळ्यात पडेल. म्हणून नव्या मांडणीचा, वाढीव कागदाचा आणि मुखपृष्ठाचा खर्च कोण करणार, हे वेगवेगळं लिहून घ्या.

मोजणी होईपर्यंत प्रती विकू किंवा वाटू नका. माल स्वीकारला असा अर्थ काढला जाईल. दोघांना आजच लेखी तक्रार पाठवा, आणि बिलावर तक्रारीची मुदत छापली आहे का ते पाहा. मुद्रकाची बाकी मात्र परस्पर अडवू नका: मापं त्याच्या बाजूने लागली, तर उलट तुमच्यावरच थकबाकीचा दावा येईल. तोवर "तपासणीनंतर हिशोब करू" असं त्याला लेखी कळवा. आणि पुनर्मुद्रणाच्या करारात एक अट घाला की अंतिम मंजुरी पीडीएफवर होणार नाही, त्याच कागदावर छापून बांधलेल्या नमुना प्रतीवर होईल.