दोघांचं म्हणणं परस्परविरोधी आणि प्रत्यक्ष साक्षीदार कोणी नाही, तर चौकशी अहवालात निष्कर्ष काय लिहायचा?

प्रश्न: ऑफिसमधल्या छळाच्या तक्रारीच्या चौकशी समितीवर पहिल्यांदाच आहे. ती म्हणते घडलं, तो म्हणतो नाही घडलं. पाहणारं कोणी नव्हतं. "पुराव्याअभावी आरोप सिद्ध होत नाही" असं लिहून अहवाल संपवावा का?

उत्तर:

नाही, इतक्यात नको. तक्रारदाराने समितीसमोर दिलेला जबाब हाही पुरावाच असतो. तो पुरेसा आहे का, हा पुढचा प्रश्न, पण "पुरावाच नाही" हे वाक्य चुकीचं ठरतं. मी अशा समित्यांवर बरंच काम केलं आहे आणि सर्वात कच्चे अहवाल मला याच वाक्यावर थांबलेले दिसले आहेत. बंद खोलीत घडलेल्या गोष्टीला साक्षीदार नसतो, हे गृहीत धरूनच चौकशी करायची असते.

सगळ्यात आधी अहवालात निकष लिहा. तुम्ही कोणाला तुरुंगात पाठवत नाही आहात, त्यामुळे फौजदारी खटल्यातला "वाजवी संशयापलीकडे" हा निकष इथे लागत नाही. खात्यांतर्गत चौकशीत साधारणपणे "संभाव्यतेचं प्राबल्य" पाहतात, म्हणजे सगळा पुरावा एकत्र ठेवल्यावर ही गोष्ट घडली असण्याची शक्यता न घडल्याच्या शक्यतेपेक्षा जास्त आहे का. तुमच्या संस्थेच्या नियमांत वेगळं काही असेल तर अर्थात तेच लावा. हा निकष हलका वाटतो, पण अंदाजाला परवानगी देत नाही. दोन्ही पारडी खरोखर समान राहिली, तर आरोप सिद्ध झालेला नाही.

एक काल्पनिक प्रकरण घेऊ. टीम लीडरविरुद्ध कनिष्ठ सहकारी महिलेची तक्रार आहे. तीन आरोप: रात्री उशिरा दिसण्यावरून मेसेज, बुधवारी संध्याकाळी साडेसहानंतर मीटिंग रूममध्ये वाट अडवून कमरेला हात लावणं, आणि तिने झिडकारल्यावर सूड म्हणून अप्रेझलचं रेटिंग खाली आणणं. तिन्हींची गाठोडी वेगळी बांधा. "एकूण तक्रार खरी वाटते" हा निष्कर्षच नव्हे.

मेसेजचं काम सोपं वाटतं, पण स्क्रीनशॉटवर भागवू नका. फोनवरचं मूळ संभाषण, मागचंपुढचं सगळं, समितीने स्वतः पाहावं आणि कोणत्या दिवशी कोणासमोर पाहिलं तेही नोंदवावं. समजा पूर्ण संभाषणात तिने एका मेसेजला हसरा इमोजी पाठवलेला निघाला. तो अहवालात लपवू नका. प्रतिवादी त्यावर बोट ठेवणारच. त्याबद्दल तिला विचारा, तिचं उत्तर नोंदवा आणि मग तुमचं मत कारणासह लिहा: रेटिंग ज्याच्या हातात आहे त्याला एखादी कनिष्ठ व्यक्ती वेळ मारून नेणारं उत्तर देते, आणि त्यानंतर दोनदा तिने विषय कामाकडे वळवल्याचं त्याच संभाषणात दिसतं. मेसेज त्याने नाकारलेले नाहीत. पहिला आरोप सिद्ध.

दुसरा आरोप हाच तुमचा खरा प्रश्न. समजा प्रतिवादी म्हणतो, "मी सहा वाजताच निघालो होतो." ॲक्सेस कार्डची नोंद सांगते की तो 6:52 ला इमारतीबाहेर पडला. या नोंदीने हात लावला हे सिद्ध होत नाही, एवढंच कळतं की सहाला निघाल्याचं त्याचं म्हणणं टिकत नाही. इथे बऱ्याच समित्या घाई करतात आणि "खोटं बोलला" असं लिहून टाकतात. आधी ती नोंद त्याला दाखवा. जे त्याच्याविरुद्ध वापरणार ते त्याला दाखवून उत्तराची संधी दिलीच पाहिजे, नाहीतर अपिलात सगळा अहवाल कोसळू शकतो. समजा तो म्हणाला, "विसरलो असेन, पण तेव्हा रूममध्ये टीममधले आणखी दोघंही होते." आता हे तपासता येतं. ते दोघं साडेसहाच्या आत बाहेर पडल्याचं त्यांचीच कार्डं सांगतात. विसरणं समजू शकतं, पण दुसरा खुलासाही नोंदींशी जुळला नाही, एवढं अहवालात मोजक्या शब्दांत लिहा.

तिच्या बाजूला काय आहे? 7:04 ला तिने मैत्रिणीला मेसेज केला, त्यात हाताचा आणि अडवलेल्या दाराचा उल्लेख आहे. हा स्वतंत्र पुरावा नाही, कारण सांगणारी तीच आहे. त्याचं वजन वेगळ्या कारणाने आहे: अप्रेझलचा वाद सुरू होण्याच्या बऱ्याच आधी तिने तेच सांगितलं होतं, म्हणून वादानंतर रचलेली कथा ही शक्यता क्षीण होते. एका सहकाऱ्याने तिला सातच्या सुमारास जिन्यात रडताना पाहिलं, हा मात्र वेगळ्या तोंडून आलेला पुरावा. आणि लेखी तक्रारीत तिने मंगळवार लिहिला होता, जबाबात बुधवार सांगितला, ही विसंगतीही लिहा. वार चुकणं आणि प्रसंगाचा गाभा बदलणं यांत फरक आहे. गाभा तिन्ही वेळा तोच राहिला आणि बुधवारला मेसेजच्या वेळेचा आधार आहे. हे सगळं एकत्र ठेवल्यावर पारडं झुकतं. दुसरा आरोप सिद्ध.

जबाब देताना ती शांत होती की रडली, तो नजर चुकवत होता का, यावर निष्कर्ष बांधू नका. माणसं ताणाखाली तऱ्हेतऱ्हेने वागतात. "तो तसलाच आहे असं सगळे म्हणतात" हेही बाजूला ठेवा आणि ऐकीव असल्यामुळे विचारात घेतलं नाही, असं अहवालात स्पष्ट नोंदवा.

तिसऱ्या आरोपात फाइलच्या नोंदीवरून दिसलं की कमी रेटिंगचा मसुदा त्याने त्या बुधवारच्या दोन आठवडे आधी वर पाठवला होता आणि नंतर तो बदलला नाही. मग त्या प्रसंगाचा सूड म्हणून रेटिंग घसरलं, हे सिद्ध होत नाही. पण म्हणून ती खोटं बोलली असंही होत नाही. रेटिंग तिच्या हातात पडलं ते त्या प्रसंगानंतर, त्यामुळे तिला तसं वाटणं स्वाभाविक होतं. "सिद्ध नाही" आणि "जाणूनबुजून खोटी तक्रार" हे दोन वेगळे निष्कर्ष आहेत, आणि दुसऱ्यासाठी हेतूचा स्वतंत्र पुरावा लागतो.

शिफारस फक्त सिद्ध झालेल्या आरोपांवरच बेतायची. इथे पहिल्या दोन आरोपांसाठी संस्थेच्या सेवानियमांत जी शिक्षा बसते ती सुचवा आणि तीच का, हे लिहा: अधिकाराचा वापर, एकापेक्षा जास्त प्रसंग, आधीच्या तशाच प्रकरणांत दिलेली शिक्षा. नुसतं "योग्य ती कारवाई करावी" लिहिलं तर फाइल तिथेच पडून राहते. तिच्या अप्रेझलचा अधिकार त्याच्याकडून काढून दुसऱ्याकडे द्यावा, बदली करायचीच तर त्याची करावी, आणि साक्ष देणाऱ्या सहकाऱ्याला त्रास होत नाही ना हे कोणी, किती महिन्यांनी पाहायचं, ते पदनामासह लिहा.